घसा स्वच्छ, जीभ मात्र भाजलेली

"डॉक्टर, तापल्या तव्याला जीभ टेकवल्यागत होतंय. दिवसभर."

मावशींचं वय ५८. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात त्या सुनेला सोबत घेऊन आल्या, तेव्हा हा त्रास सुरू होऊन पाच महिने झाले होते. तोवर दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्हीकडे बॅटरी लावून घसा पाहिला, "घसा चांगला आहे" असं सांगितलं आणि तरीही पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. घरच्यांनी उष्णता समजून सब्जा, गुलकंद, जिऱ्याचं पाणी सगळं करून पाहिलं. जिभेला तूप लावलं की घटकाभर बरं वाटायचं. ते खरंही आहे, कारण तुपाचा थर उघड्या पडलेल्या जिभेला झाकतो. पण तो पुसला गेला की भाजणं परत सुरू. ठेचा आणि रश्श्याची भाजी सुटून महिने झाले होते. दूध-भात आणि मऊ खिचडी यांवर दिवस चालले होते, आणि वजन चार किलोने उतरलं होतं.

हे प्रकरण लिहितोय, कारण पहिल्या भेटीत मीही चुकलो. मावशींची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पहिल्या भेटीत मीसुद्धा घसाच नीट पाहिला. टॉन्सिल साधे, मागची भिंत गुलाबी, गाठी नाहीत, ताप नाही. जीभ थोडी लाल वाटली आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा दिसल्या. मधुमेह माहीत होताच, म्हणून तोंडातली बुरशी धरली, जिभेला लावायचं बुरशीचं औषध आणि दहा दिवसांच्या बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल लिहून दिल्या. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. ओठांच्या चिरा निम्म्या भरल्या होत्या, जीभ तशीच. तेव्हा मी त्यांना पंख्याखालच्या खुर्चीवरून उठवून खिडकीच्या उजेडात बसवलं आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं.

जीभ पाहणं म्हणजे "आ करा" म्हणणं नव्हे. गॉजच्या तुकड्यात जिभेचं टोक धरायचं, हलकेच पुढे ओढायचं, आधी एका बाजूला वळवून कड पाहायची, मग दुसऱ्या बाजूला. त्यानंतर जीभ टाळूला लावायला सांगून खालची बाजू पाहायची. शेवटी हातमोजा घालून कडा आणि तोंडाचा तळ बोटाने चाचपायचा. एवढ्याला दोन मिनिटं लागतात.

मावशींची जीभ टोकाला आणि दोन्ही कडांना गुळगुळीत झाली होती. निरोगी जिभेवर बारीक काट्यांचं मखमलीसारखं आवरण असतं. ते पुढच्या भागातून गेलं होतं. उरलेला भाग मांसाच्या रंगाचा आणि चकचकीत, जणू ओल्या लादीसारखा. मध्यभागी आणि मागे काटे शिल्लक होते. समोरून पाहिलं तर नजर तिथेच जाते आणि जीभ बरी वाटते. मीही त्यातच फसलो होतो.

घसा का स्वच्छ दिसतो, याचं उत्तर इथेच आहे. जिभेवरच्या काट्यांच्या पेशी फार लवकर झिजतात आणि तितक्याच लवकर नव्या बनतात. नवी पेशी बनायला पेशीच्या केंद्रातला मजकूर, म्हणजे डीएनए, पुन्हा लिहावा लागतो आणि त्यासाठी बी-१२ आणि फॉलिक अॅसिड लागतं. लोह कमी पडलं तरी हे अस्तर विरळ होतं. पुरवठा तुटला की ज्या शेतात पीक सारखं काढावं लागतं तिथे तुटवडा आधी दिसतो. घशाच्या अस्तरावर असे काटेच नाहीत, त्यामुळे ते पातळ झालं तरी बॅटरीच्या उजेडात काही दिसत नाही. शिवाय जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची संवेदना एका नसेतून जाते आणि मागच्या भागाची व घशाची दुसऱ्या नसेतून. टोकाला आणि कडांना आग होतेय, गिळताना काही नाही, अशा माणसाचा घसा पाहत राहणं म्हणजे छत गळतंय म्हणून अंगण तपासणं.

जीभ पाहताना मनात आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या आधी बाजूला सारणं भाग होतं. आपल्याकडे तिखट खाल्लं की तोंड भाजतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत सुपारी, गुटखा, मावा खाणारे पुष्कळ असतात. त्यांच्या गालाच्या आतलं अस्तर हळूहळू निबर होतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. तिखट न सोसणं ही त्याची अगदी सुरुवातीची खूण असते. तेव्हा वरवर फारसं काही दिसत नाही, पण गालाच्या आतून बोट फिरवलं तर दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक ठेवून तोंडात जातात का, हे पाहायला सांगावं. मावशींची तीन बोटं सहज गेली, गाल मऊ होते, सुपारी त्यांनी कधी खाल्ली नव्हती.

दुसरी गोष्ट कॅन्सरची. शेजारच्या गावातल्या कुणाला जिभेचा कॅन्सर निघाल्यापासून त्या रात्री झोपत नव्हत्या, हे सुनेने मला बाजूला बोलावून सांगितलं. जिभेच्या एकाच बाजूला, एकाच जागी दुखणं, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, बोटाला लागणारा टणकपणा, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, मानेत गाठ, यातलं काहीही असतं तर मी रक्ततपासणीची वाट न पाहता तुकडा काढायला पाठवलं असतं. यातलं काही नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि कुठेही कडकपणा नव्हता. मी ते त्यांना तिथेच, स्पष्ट शब्दांत सांगितलं. पण खालच्या हिरड्यांच्या बाहेरच्या बाजूला अस्तर करडं आणि सुरकुतलेलं दिसलं. विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली. "मिशरी लावते. तीन येळा. आईनं लावलेली सवय हाय."

मिशरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखू, आणि आमच्या भागात बायकांना पहिल्या भेटीत हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मीही विचारला नव्हता.

त्यानंतर औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. मधुमेहाची मेटफॉर्मिन, दिवसाला दोन ग्रॅम, अकरा वर्षं. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम रोज सकाळी, सहा वर्षं. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोट बिघडलं तेव्हा ती सुरू झाली आणि पुढे कुणी थांबवलीच नाही. तिसरी पट्टी होती अॅमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅमची, रात्री एक. "ही कशाला?" विचारलं, तर पायांसाठी. दोन वर्षांपासून तळव्यांना मुंग्या आणि आग. मधुमेहाने नसा गेल्यात, असं सांगून ती दिली होती.

माझ्या हातात १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क होता. पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला तर मावशींना त्याची थरथर कळलीच नाही, घोट्यावर पुसट, गुडघ्यावर चांगलं. मग मी एक साधा प्रश्न विचारला, तोंड धुताना डोळे मिटता तेव्हा काय होतं? सूनच म्हणाली, "अहो, मोरीत त्या भिंतीला हात लावूनच तोंड धुतात. नाहीतर झोक जातो." पाय कुठे टेकलाय हे सांगणारा मज्जारज्जूचा भाग बी-१२ अभावी बिघडतो. उघड्या डोळ्यांनी माणूस ते सांभाळून घेतो, डोळे मिटले की तोल जातो. मधुमेहातही असं होतं, म्हणून एवढ्यावर निदान होत नाही. पण झिजलेली जीभ, मुंग्या येणारे पाय आणि अकरा वर्षांची मेटफॉर्मिन एकाच बाईत भेटल्यावर पायांचा सगळा दोष साखरेवर टाकून मोकळं होता येत नाही.

मावशी माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ, मांस-मासे-अंडी वर्ज्य. बी-१२ फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं, म्हणजे त्यांच्यासाठी दूध, दही, ताक. शरीराला रोज साधारण दोन मायक्रोग्रॅम लागतं. एक मोठा पेला दूध त्यातलं निम्म्याच्या आसपास देतो. जीभ बिघडण्याआधी मावशींच्या दिवसात दूध म्हणजे दोन चहा. तरीही माळ कारण म्हणून पुरेशी नाही. त्यांच्या जावाही माळकरी आहेत आणि त्यांच्या जिभा बऱ्या आहेत. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पँटोप्राझोल आम्लच दाबतं. सुटलेलं बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन अडथळा आणतं. मुळात थोडं येत होतं, त्यातलं थोडंच सुटत होतं, आणि सुटलेलंही पुरतं आत जात नव्हतं. यकृतात बी-१२चा काही वर्षं पुरेल असा साठा असतो, म्हणून हे सगळं इतक्या सावकाश उघडं पडतं की कुणाला गोळीची आठवणही राहत नाही.

इथे आणखी एक चूक होता होता राहिली. निदान इतकं उघड वाटत होतं की मी नर्सला बी-१२चं इंजेक्शन भरायला सांगितलंही होतं. मग थांबवलं. एकदा इंजेक्शन दिलं की रक्तातली पातळी चढते आणि पुढे कित्येक आठवडे तपासणीतून काही कळत नाही. आधी रक्त, मग सुई. नसांची लक्षणं असतील तर रिपोर्टची वाट पाहत औषध रोखायचं नाही, पण नळीत रक्त घ्यायला दोन मिनिटंच लागतात.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.६. बी-१२ १३८ पिकोग्रॅम, २००च्या खाली म्हणजे कमतरता. फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा अंदाज, फक्त ९. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.४, थायरॉइड ठीक.

पण मला बोलायचंय ते एमसीव्हीबद्दल, तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराबद्दल. बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १००च्या वर जातो, असं आम्ही सगळे शिकलो आहोत. मावशींचा होता ८८, अगदी नॉर्मल. कारण लोहाच्या अभावाने पेशी लहान होतात. एकीकडे मोठ्या, दुसरीकडे लहान, आणि सरासरी काढली की दोन्ही दोष एकमेकांत विरून जातात. त्यांनी वर्षापूर्वी एका शिबिरात रक्त तपासलं होतं, त्या कागदावरही एमसीव्ही नॉर्मल होता आणि खाली पेनने "बी-१२ची गरज नाही" असं लिहिलं होतं. त्याच कागदावर दोन ओळी खाली आरडीडब्ल्यू १९ होता. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते हा आकडा सांगतो, आणि तो साधारण साडेचौदापर्यंत असावा. सरासरी ठीक आणि तफावत मोठी असेल, तर दोन कमतरता एकत्र नांदत असण्याची शक्यता धरावी. आणि रक्तात काही दिसण्याआधीच जीभ बिघडू शकते, म्हणून हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी जीभ गुळगुळीत असेल तर बी-१२ आणि फेरिटिन करून घ्यावं.

शिबिरातून त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या होत्या, लोह आणि फॉलिक अॅसिडच्या. पोटात मळमळलं म्हणून आठ दिवसांत सोडल्या. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. म्हणून फॉलिकची गोळी देण्याआधी बी-१२कडे पाहायला हवं.

उपचार साधे होते. बी-१२ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, नसांची लक्षणं होती म्हणून आधी एक दिवसाआड दोन आठवडे, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आधी किंवा नंतर दोन तास सोडून. रोजच्यापेक्षा अशी ती त्यांना सोसली. मेटफॉर्मिन बंद केली नाही. साखर तिने चांगली आवरली होती, आणि बी-१२ भरून देता येतं. फक्त वर्षातून एकदा पातळी पाहायची. पँटोप्राझोल मात्र हळूहळू उतरवलं, आधी २० मिलिग्रॅम, मग एक दिवसाआड. एकदम थांबवलं की आम्ल उसळतं आणि माणूस पुन्हा त्याच गोळीकडे वळतो.

पाळी बंद होऊन आठ वर्षं झालेल्या बाईत लोह इतकं का उतरलं, हा प्रश्न लोहाच्या गोळीने सुटत नाही. आतून कुठे रक्त जातंय का, हे पाहावंच लागतं. त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी झाल्या. रक्तस्राव कुठेच नव्हता, गाठ नव्हती. जठराचं अस्तर पातळ झालेलं होतं आणि तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. तो लोह आणि बी-१२ दोन्हींच्या शोषणात आड येतो. त्यावर त्यांनी १४ दिवसांचे उपचार दिले.

दहाव्या दिवशी मावशी एकट्या आल्या. "आग निम्म्यावर आलीय, डॉक्टर." सहा आठवड्यांनी पुन्हा गॉज घेऊन जीभ पाहिली तर कडांवर काटे उगवत होते, कापणीनंतर पावसात गवत फुटावं तसे. मी फार खूश झालो. त्या नव्हत्या.

सकाळी ठीक असायचं, दुपारनंतर टोकाला चरचर, संध्याकाळी वाढायची. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग यायची. आता जीभ जवळजवळ चांगली दिसत होती, आणि चांगल्या दिसणाऱ्या जिभेला भाजतंय म्हटल्यावर "मनाचं आहे" हे शब्द डॉक्टरांच्या तोंडी फार लवकर येतात. काहीही कारण न सापडता तीन महिन्यांहून जास्त काळ, रोज दोन तासांहून जास्त तोंड भाजत असेल, तर त्याला बर्निंग माउथ सिंड्रोम हे नाव आहे. पाळी गेलेल्या बायकांत ते जास्त दिसतं आणि ते नसांचं खरंखुरं दुखणं आहे. त्यात बऱ्याचदा खाताना आग कमी होते, उलट झिजलेल्या जिभेला तिखट-खारट लागलं की वाढते. खाताना आग कमी होते की वाढते, हे मी प्रत्येकाला विचारतो. मावशींना भाकरी पाण्याशिवाय गिळताच येत नव्हती. हे नसांच्या दुखण्याचं लक्षण नव्हतं, हा कोरडेपणा होता.

तोंड तपासायचा छोटा आरसा गालाच्या आतून फिरवला, तो चिकटला. मग त्यांना शांत बसवून, न चघळता, तोंडात जमेल ती लाळ पाच मिनिटं एका मापाच्या कपात थुंकायला सांगितलं. अर्धा मिलिलिटरही भरली नाही. इतकी कमी म्हणजे तोंड खरंच कोरडं आहे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत नव्हतं, सांधे सुजत नव्हते, म्हणून लाळग्रंथींच्या आजारामागे लगेच धावलो नाही. पिशवीतली तिसरी पट्टी आठवली. अॅमिट्रिप्टिलिन लाळ आटवतं, हे कुणीही डॉक्टर झोपेतही सांगेल. ते दिलं होतं पायांच्या आगीसाठी. पायांच्या आगीत बी-१२चा वाटा होता. ज्या कमतरतेने जीभ झिजवली, तिच्याच दुसऱ्या लक्षणावर दिलेली गोळी तोंड कोरडं करत होती, आणि ही पट्टी मी पहिल्याच महिन्यात हातात घेऊन पाहिली होती.

पायांच्या मुंग्या तोवर बऱ्याच कमी झाल्या होत्या. गोळी २५ वरून १० वर आणली, तीन आठवड्यांनी बंद केली. रात्री उशाशी पाणी ठेवलं, दिवसा साखर नसलेला च्युइंगगम. त्या म्हणाल्या, "या वयात गम चघळू?" मग बडीशेपेवर तडजोड झाली. सुनेने आणून दिलेलं, तोंडाला झोंबणारं हिरवं माउथवॉश थांबवलं, आणि कमी फेस होणारी, पुदिन्याचा मारा नसलेली टूथपेस्ट घेतली. महिन्याने कपात दीड मिलिलिटर लाळ जमली.

मिशरीची गोष्ट इतकी सरळ नाही. ती अस्तराला चरचरवते, आणि पुढचा धोका तर वेगळाच, हे त्यांना पटलं होतं. पण पहाटे उठल्यावर मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं. तीस-चाळीस वर्षांच्या तंबाखूची ती ओढ आहे, हट्ट नव्हे. आधी रात्रीची सुटली, मग दुपारची. सकाळची अजून आहे. हिरडीवरच्या त्या करड्या पट्ट्याचा फोटो मी दर तीन महिन्यांनी काढून ठेवतो. पट्टा जाड झाला, त्यात लाली किंवा व्रण दिसला तर तुकडा काढायचा, हे सुनेलाही सांगून ठेवलंय.

आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ४१. वजन परत आलं. गेल्या भेटीत त्यांनी डब्यातून मला ठेचा आणला होता आणि स्वतः तो खातात हे दोनदा सांगितलं. मोरीत भिंतीला हात लावावा लागत नाही. पण ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला की अजूनही "काय नाही" असंच म्हणतात. घोट्यावर आता स्पष्ट कळतं. अंगठ्याचं परत येईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. दोन वर्षं गेली होती.